वाचता न येणाऱ्या मुलीला चार ओळी

वऱ्हाडातल्या वलगावसारख्या गावात बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा मजकूर दोन ठिकाणी लागतो. एक चौकातल्या फ्लेक्सवर, दुसरा मोबाइलवर केक कापतानाच्या फोटोखाली. फ्लेक्सचा मजकूर लिहायला फारसं डोकं लागत नाही. बाळाचं नाव, ‘प्रथम वाढदिवसानिमित्त’, आणि खाली शुभेच्छुकांची यादी. काका, मामा, मित्रमंडळ यांपैकी कुणाचं नाव गळलं तर रुसवे होतात, तेवढं सांभाळलं की झालं. तिथे बाळ तृतीयपुरुषी असतं, कारण तो मजकूर बाळाशी बोलतच नाही, गावाशी बोलतो. फोटोखालचा मजकूर मात्र अलीकडे चिठ्ठीसारखा लिहिला जातो: आई-बाबा बाळाला ‘तू’ म्हणतात आणि थोडक्यात काही सांगतात. असे मजकूर लिहून देणं आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करणं या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ही चिठ्ठी फसते ती भाषा कच्ची असते म्हणून नव्हे. वाचणारा कोण, हे लिहिणाऱ्यांनी ठरवलेलं नसतं, म्हणून ती फसते. नाव बाळाचं घेतात आणि बोलतात पाहुण्यांशी.

एक वर्षाच्या मुलीला वाचता येत नाही, तेव्हा ‘तू’ हा नुसता बहाणाच, असा आक्षेप कुणी घेईल. आज तो बहाणा आहेच. पण इन्स्टाग्रामवर खातं उघडायला किमान वय १३ आहे. म्हणजे आज जिच्याबद्दल लिहिलं, ती आणखी बारा वर्षांनी त्याच दारातून आत येऊन ते वाचू शकते, आणि तिच्या वर्गातल्या मुलीही वाचू शकतात. पंडित नेहरूंनी १९२८ साली इंदिरेला पत्रं लिहिली तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुस्तक १९२९ साली निघालं. साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ पुतणी सुधाला लिहिलेली. दोन्हीकडे वाचणारी मुलगी समोर होती, पत्र आधी तिच्या हातात पडलं आणि मग जगाच्या. आपल्या चिठ्ठीचा क्रम उलटा आहे. जग आधी वाचतं, मुलगी शेवटी. म्हणून लिहिताना डोळ्यांपुढे पाळण्यातलं बाळ ठेवू नये, तेरा-चौदा वर्षांची, थोडी फटकळ झालेली मुलगी ठेवावी. एवढं केलं की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप होतात.

उदाहरण घेऊन पाहू. समजा वलगावातलं एक जोडपं, मुलगी मे महिन्यात जन्मलेली, घरात तिला चिऊ म्हणतात. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘आमच्या लाडक्या परीला पहिल्या वाढदिवसाच्या अनंत शुभेच्छा! तू आलीस आणि आमचं आयुष्यच बदलून गेलं. तुझं हसू पाहिलं की दिवसभराचा थकवा पळून जातो. तू खूप मोठी हो आणि आमची सगळी स्वप्नं पूर्ण कर.’ यात खोटं काही नाही. पण याच मजकुरात शेजारच्या मुलीचं नाव घातलं तर एक शब्दही बदलावा लागत नाही. मसुदा तपासायची माझी पहिली रीत हीच आहे. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक वाक्यावर ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारणं. आयुष्य बदललं, म्हणजे काय बदललं? शेवटच्या वाक्याला तर मी कात्रीच लावतो. एक वर्षाच्या मुलीवर आई-बापाच्या स्वप्नांचं कर्ज चढवणं आशीर्वादाच्या सुरात म्हटलं तरी कर्जच असतं, आणि चौदाव्या वर्षी ते तसंच वाचलं जातं.

नेमकं काय बदललं, हे शोधायला आई आणि बाबांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, वर्षातल्या चार-पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून आधी त्या गोष्टी खोडाव्यात ज्यांचा फोटो मोबाइलमध्ये आहे. फोटो आपलं काम करतो. त्याच्याखाली तेच लिहिलं तर वाक्य फुकट जातं. उरतात त्या फोटोत न येणाऱ्या गोष्टी: आवाज, भीती, रात्री, सवयी, नाव ठेवताना झालेली ओढाताण. नंतर खोडावे ते ‘पहिले’ प्रसंग. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द सगळ्याच लेकरांचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी मुलं एकट्यानं चालू लागण्याचा काळ साधारण आठव्या महिन्यापासून सतराव्या महिन्यापर्यंत पसरलेला आढळला. तेव्हा ‘दहाव्या महिन्यातच चाललीस’ ही बढाई पोकळ, आणि ‘अजून चालत नाहीस, आळशी कुठची’ ही थट्टाही पोकळ. पाऊल कसं पडलं, कुणाकडे पडलं, यात तिचं स्वतःचं काही असेल तरच ते ठेवावं.

गावाबद्दलही हेच. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. ‘गाडगेबाबांच्या पावन भूमीत तू जन्मलीस’ असं वाक्य मसुद्यात घालायचा मोह होतो, आणि वाईट दिसत नाही ते. पण ही गोष्ट चिऊला शाळेत कळेल, दरवर्षीच्या पुण्यतिथीला कळेल. चिठ्ठीची जागा थोडी असते. जे या दोघांखेरीज कुणीच तिला सांगू शकणार नाही, त्यालाच ती द्यावी.

मग समजा दोन्ही कागदांवर कूलर निघाला. वऱ्हाडातल्या घरात मे महिन्यात कूलरशिवाय दुसरं काय निघणार! आता मजकूर असा होतो: ‘चिऊ, तू जन्मलीस तेव्हा मे महिन्याचं ऊन होतं. कूलरच्या आवाजाशिवाय तुला झोप लागत नसे. लाईन गेली की तू उठायचीस, आणि बाबा पुठ्ठ्यानं वारा घालता घालता तोंडानं कूलरचा आवाज काढायचे. थंडीत कूलर माळ्यावर गेला, तरी झोपवायला तो आवाज काढावाच लागायचा. पहिल्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी रात्री लाईन गेली, तेव्हा तो आवाज तू काढलास. बाबा झोपले होते. आईनं ऐकला. उदंड आयुष्याची हो. — आई आणि बाबा’.

यातले काही निर्णय उघडून दाखवतो. ‘तू आता अमुक करतेस’ असा वर्तमानकाळ इथे मुद्दाम टाळला आहे. तो चौदाव्या वर्षी शिळा वाटतो, भूतकाळ शिळा होत नाही. ‘परवा’ हा शब्दही त्याच कारणानं गेला. चिठ्ठीचा फोटो काढून कुणी पुढे पाठवला की तारीख मागेच राहते आणि ‘परवा’ लोंबकळतो. सगळ्यांत नाजूक शब्द ‘आम्ही’. रात्री एक जण जागा असतो आणि चिठ्ठीत दोघंही जागे होतात, हे मसुद्यांमध्ये नेहमी दिसतं. जे दोघांनी पाहिलं त्यालाच ‘आम्ही’ म्हणावं. एकानं पाहिलं असेल तर त्याचं नाव घ्यावं. ‘बाबा झोपले होते, आईनं ऐकला’ यात बाबांचा कमीपणा नाही. उलट त्यामुळे बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो. इन्स्टाग्रामवर मजकुराला २,२०० वर्णांची मर्यादा आहे, पण उघडून न पाहता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘कूलरच्या’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, मोजणीत आठ भरतो. तेव्हा पहिल्या ओळीत शुभेच्छांचा हार घातला तर कूलर कुणाला दिसणारच नाही. घरात वऱ्हाडी बोलत असतील तर चिठ्ठीही बेलाशक वऱ्हाडीत लिहावी, ‘लाईन गेली का तू उठे’ असं. फक्त एक ओळ वऱ्हाडी आणि पुढची पुस्तकी, असं करू नये. मग वऱ्हाडी गमतीसाठी आणल्यासारखी वाटते.

‘उदंड आयुष्याची हो’ हे वाक्य मात्र मी ठेवलं, आणि ते हजार ठिकाणी आहे हे माहीत असून ठेवलं. शेजारणीच्या मुलीलाही ते चालेल, मग आधीची कसोटी इथे का नाही लावली? कारण आशीर्वाद नवा असायची गरज नसते. औक्षण करताना कुणी नवी पद्धत शोधत नाही. साचेबंद बोलण्याला माझा विरोध नाही. चारही ओळी साच्यातून निघतात तेव्हा मुलगी हरवते, एवढंच म्हणणं आहे. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी नुसता आशीर्वाद लिहावा. अर्धवट कवितेपेक्षा तो बरा.

घरातल्या आजीचा आक्षेप वेगळा असतो: एवढं सगळं जगाला सांगू नका, दृष्ट लागते. आजीचं कारण मला पटत नसेल, पण तिचा निष्कर्ष पटतो. खातं सगळ्यांना खुलं असेल तर फोटोची तारीख म्हणजे जन्मतारीख, त्यात पूर्ण नाव, गाव आणि दवाखाना जोडला की अनोळखी माणसाला बाळाची अख्खी नोंद मिळते. म्हणून वरच्या मजकुरात वलगाव नाही, आडनाव नाही, घरातलं नाव आहे. घरच्यांच्या गटात टाकायची असेल तर गाव घालायला हरकत नाही. आजारपण, काचेच्या पेटीतले दिवस, ‘मुलगा हवा होता पण’ असली वाक्यं, नवस, झालेला खर्च हे कुठल्याच गटात नको. आजारपणाबद्दल वाद होऊ शकतो. काही आई-बाबांना तेच वर्षातलं सगळ्यांत खरं वाटतं, आणि ते चूक नाहीत. पण ते सांगायचं तर मुलीला घरात सांगावं, तिचं वय पाहून. ती माहिती तिच्या शरीराची आहे आणि ती जगाला द्यायची की नाही हे तिनं ठरवायचं आहे.

शेवटी जपणुकीचं. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांत जातं, मोबाइल दोन-चार वर्षांत बदलतो, खात्याचा पासवर्ड विसरतो. तेव्हा चिठ्ठी कुठेही टाका, पण टाकण्याआधी एका कागदावर हातानं उतरवा, पूर्ण तारीख, वर्ष आणि गावाचं नाव घाला, खाली दोघांनी सही करा आणि तो कागद बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा. ते कार्ड कुणी टाकून देत नाही.