मी भरले

माझं अक्षर लहानपणी फार वाईट होतं. गुरुजी पाटीकडे बघून म्हणायचे, "कोंबडी शाई पिऊन चालली काय रे पाटीवरनं?" वर्ग हसायचा, मीही हसायचो. दिवस उगवायच्या आत गोठ्यातलं शेण काढायचं, धार काढायची आणि मग शाळा. बोटं आखडलेली असायची. पण हे कारण गुरुजींना कधी सांगितलं नाही, कारण वर्गातल्या निम्म्या पोरांची बोटं तशीच होती आणि त्यातल्या काहींचं अक्षर मोत्यासारखं होतं. पुढं मीच मराठीचा मास्तर झालो. फळ्यावर लिहून लिहून हात वळला. कोंबडी मी विसरून गेलो.

हे सगळं आठवायला एक उत्तरपत्रिका कारणीभूत झाली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीच्या मराठीचे गठ्ठे तपासायला घरी आले होते. उन्हाळ्याचे दिवस, दुपारी वीज गेलेली, म्हणून मी ओट्यावर घोंगडं टाकून बसलो होतो. ऐंशी गुणांचा पेपर. एकामागून एक तीस-पस्तीस तपासले की डोळे आपोआप सोपी वाट शोधतात. स्वच्छ पान आलं की बरं वाटतं, पेन पटापट चालतं. गिचमीड आलं की आधीच कपाळाला आठी पडते आणि तीच आठी घेऊन माणूस पहिली ओळ वाचतो.

ती उत्तरपत्रिका गिचमीड होती. पोरानं (पोरगी असेल, कळायला मार्ग नाही) शिरोरेषा दिलीच नव्हती. वेळ वाचवायला पुष्कळ मुलं असं करतात. 'क'ला, 'त'ला रेषा नसली तरी फार बिघडत नाही. पण 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' या जोड्यांत रेषेचंच काम असतं. 'म'वर आणि 'घ'वर रेषा सलग जाते. 'भ'वर आणि 'ध'वर ती डावीकडे तुटते आणि तिथं एक बारीक गाठ येते. रेषा काढून टाकली की सगळा भार त्या गाठीवर येतो. घाईत गाठ राहिली की 'भ'चा 'म' झालाच म्हणून समजा.

खाडाखोडीचं तर विचारू नका. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारली की भागतं. इथं पेन गरागरा फिरवलं होतं, कागद खरवडून निघाला होता आणि शाई पाठीमागच्या पानावर उतरली होती. मागच्या पानावर नको तिथं ठिपके उमटले होते. त्यातला अनुस्वार कोणता आणि उतरलेली शाई कोणती, हे उन्हाकडे धरूनसुद्धा कळेना.

शेवटचा प्रश्न लेखनाचा, आठ गुणांचा. पोरानं एका विहिरीचं आत्मकथन लिहिलं होतं. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य आलं : 'पहिल्याच पावसात मी मरले.' त्याच्या पुढं, 'बाया धागरी घेऊन आल्या.' मी लाल पेनानं 'मरले'खाली रेघ ओढली, 'धागरी'खाली ओढली. विहीर मेली आणि लगेच बाया आल्या, म्हणजे अर्थाला अर्थ नाही. पुढचं मी वाचलं की नुसतं चाळलं, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. आठपैकी तीन गुण दिले आणि पुढचा पेपर ओढला.

आमच्या तपासणीवर नियामक असतात. गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका ते पुन्हा बघतात. त्या वर्षी नियामक एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, आवाज हळू. त्यांच्या हाताला नेमकी तीच उत्तरपत्रिका लागली. पानं उलटली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सर, एवढं आत्मकथन मला मोठ्यानं वाचून दाखवता का? माझे डोळे दमलेत."

मी वाचायला लागलो. मोठ्यानं वाचताना तोंड अडखळतं, जिभेला अर्थ लागल्याशिवाय पुढं जाता येत नाही. 'पहिल्याच पावसात मी म...' एवढं म्हणालो आणि थांबलो. विहीर पावसात मरत नाही. विहीर पावसात भरते. ते 'भरले' होतं. आणि 'धागरी' नव्हत्या, घागरी होत्या. 'घ'च्या डोक्यावर पेनाचा एक फटकारा गेला होता, तो मी गाठ समजलो होतो. पुढं तर आणखी होतं. उन्हाळ्यात तळ दिसायला लागला की लोक आत डोकावून बघतात आणि न बोलता निघून जातात, असं त्या विहिरीनं सांगितलं होतं. दहावीच्या पोराचं ते स्वतः बघितलेलं होतं, गाइडातलं नव्हतं. मी स्वतः तशी विहीर बघितलेला माणूस, आणि मला ते दिसलं नव्हतं.

बाई काही बोलल्या नाहीत. एका खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं. गरागरा फिरवलेल्या रेघांखाली नीट बघितलं तर 'विहिरीत' असं होतं. ते खोडून वर लिहिलं होतं 'विहीरीत'. म्हणजे पोरानं आधी बरोबर लिहिलं होतं. 'विहीर'मधली 'ही' दीर्घ, पण प्रत्यय लागून 'विहिरीत' झालं की तीच ऱ्हस्व होते. लिहिताना शंका आली असणार, मूळ शब्द आठवला असणार, आणि बरोबरचं खोडून चूक वर बसवली. खोडलेलं तपासायचं नसतं. त्यामुळं ती चूक चूकच राहिली, बाईंनीही ती तशीच ठेवली. मात्र आत्मकथनाचे तीनाचे सहा झाले.

नीटनेटकेपणाला काहीच किंमत नसावी, असं माझं म्हणणं नाही. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्याच पानावर स्वच्छतेकडे लक्ष द्या म्हणून सूचना असते. पत्राचा मायना जागच्या जागी नसेल तर गुण जावेत, कारण पत्र म्हणजे निम्मा मायनाच. वेलांटी पहिली की दुसरी हे कळू नये अशी मधोमध काढली, तर संशयाचा फायदा किती वेळा देणार? पण ते तीन गुण शुद्धलेखनाचे गेले नव्हते. ते माझ्या कपाळावरच्या आठीनं गेले होते.

घरी येऊन मी उरलेला गठ्ठा पुन्हा काढला. गिचमीड उत्तरपत्रिका वेगळ्या केल्या आणि सकाळी, डोळे ताजे असताना, पुटपुटत वाचल्या. बायको म्हणाली, "पोथी लावलीय काय?" चार ठिकाणी गुण वाढले, एका ठिकाणी कमी करावेसे वाटले. पण त्याआधीचे दोन गठ्ठे जमा होऊन गेले होते. त्यांत किती विहिरी मी मारल्या, कोण सांगणार.

आता शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर शिरोरेषा न देता, 'भ'ची गाठ न मारता 'मी भरले' लिहितो आणि वाचायला सांगतो. अख्खा वर्ग ओरडतो, "मी मरले!" मग रेषा ओढतो, गाठ मारतो. त्यानंतर एका आडव्या रेघेनं खोडायचं कसं, उपप्रश्नाचा क्रमांक समासात कुठं लिहायचा, हे दाखवतो. क्रमांक ओळीत घुसला की उत्तर नजरेतून निसटू शकतं, हेही सांगतो.

परवा मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. म्हणाला, "सर, रेघा मारत बसलो तर पेपर पुरा व्हायचा न्हाई."

त्याचंही खरं होतं. तीन तासांत किती लिहावं लागतं ते मला ठाऊक आहे.

"मग सगळीकडं नको मारू," मी म्हणालो. "पण 'भ'ची आणि 'ध'ची गाठ तेवढी विसरू नको."