आठची पोस्ट दीड वाजता

दापोडीत एसटीच्या कार्यशाळेपासून जवळच आमचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांची सोशल मीडियाची कामं आम्ही करतो. कुठली पोस्ट कधी जाणार, हे एका गूगल शीटमध्ये असतं. अडचण एवढीच की शीट मी सोडून कोणी उघडत नाही. डिझायनर मुलगी घरून काम करते, फोटोग्राफर दिवसभर चाकणच्या रस्त्यावर. दोघंही फोनमधलं कॅलेंडर मात्र रोज बघतात. म्हटलं, शीटच त्यांच्या कॅलेंडरात नेऊ.

२०२५च्या गणपतीत पहिला प्रयोग केला. शीटमधून `.ics` फाइल काढली, व्हॉट्सॲपवर टाकली, दोघांनी ती आपापल्या कॅलेंडरात इम्पोर्ट केली. दोन दिवस खूश. मग तारखा हलल्या आणि मी नवी फाइल पाठवली, तर प्रत्येक पोस्ट दोनदा दिसायला लागली. इम्पोर्ट म्हणजे झेरॉक्स. मूळ कागद बदलला तरी झेरॉक्स तशीच राहते. त्यात माझी स्क्रिप्ट दर वेळी प्रत्येक पोस्टला नवा `UID` देत होती. तो पोस्टचा आधार नंबर. तो बदलला की कॅलेंडरच्या लेखी माणूसच नवा. मग `UID` कायमचे केले आणि फाइलऐवजी लिंक दिली. लिंक सबस्क्राइब केली की कॅलेंडर स्वतःच अधूनमधून येऊन ताजा मजकूर घेऊन जातं. गूगल कॅलेंडरमध्ये ही लिंक मोबाइल ॲपमधून जोडता येत नाही, संगणकावर बसून एकदा जोडावी लागते. फोटोग्राफरला त्यासाठी ऑफिसात यावं लागलं, चहा माझ्याकडून.

खंडेनवमी १ ऑक्टोबरला होती. कारखान्यांत यंत्रांची पूजा, म्हणजे आमच्याकडे पोस्टची गर्दी. एका गिऱ्हाइकाची पोस्ट सकाळी आठची. डिझायनरचा फोन आला, “दादा, ही दुपारी दीडला का टाकलीय?” शीटमध्ये आठ, तिच्या फोनवर दीड. फरक नेमका साडेपाच तासांचा, तिथेच चोर सापडला. मी भारतीय वेळ लिहून शेवटी `Z` लावला होता. `Z`चा अर्थ ‘ही जागतिक वेळ, यूटीसी’. फोनने इमानदारीत त्यात साडेपाच तास मिळवले. नुसता `Z` काढला, तर वेळेला गावच उरत नाही: गिऱ्हाइकाचा माणूस दुबईत असेल तर त्याला तिथले आठ दिसतील, म्हणजे आपले साडेनऊ. म्हणून वेळ आधी यूटीसीत नेली. आठ वजा साडेपाच, अडीच:

```
BEGIN:VEVENT
UID:post-0147@planner
DTSTAMP:20250926T060000Z
DTSTART:20251001T023000Z
SUMMARY:खंडेनवमी पोस्ट
END:VEVENT
```

आता सगळं जमलं, असं वाटलं. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी गिऱ्हाइकाने सांगितलं, पहिली शिफ्ट सातला सुरू होते, पोस्टही सातला जाऊ दे. मी साडेसहाला शीटमध्ये आणि पोस्ट टाकणाऱ्या ॲपमध्ये वेळ बदलली. माझ्या मॅकवरचं कॅलेंडर दर पंधरा मिनिटांनी ताजं होईल असं मी लावून ठेवलेलं, त्यामुळे मला पावणेसातच्या आत सात दिसले. मी निर्धास्त. डिझायनरचं कॅलेंडर गूगलचं. तिथे बाहेरच्या लिंकवरचा बदल दिसायला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि लवकर घे म्हणायला बटण नाही. तिला रात्री झोपतानाही आठच दिसत होते. अंतिम चित्र ती पावणेआठला चढवणार होती. सातला पोस्ट गेली ती कच्च्या चित्रासह, लेथ मशीनवर झेंडूचा हार आणि त्यावर आडवं ‘नमुना’. सव्वासातला गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा मी दापोडी स्टेशनवर लोकलची वाट बघत होतो. काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

चूक कॅलेंडरची नव्हती. फीड ही आठवड्याचा आराखडा दाखवायची सोय आहे, निरोप पोचवायची नव्हे, हे मी विसरलो होतो. आता प्रत्येक नोंदीच्या वर्णनात फीड कधी तयार झाली ती वेळ स्क्रिप्टच लिहिते. समोरचं कॅलेंडर किती शिळं आहे, ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

लिंकला पासवर्ड नसतो. ज्याच्या हाती पडेल त्याला गिऱ्हाइकाच्या पुढच्या महिन्याच्या सवलतीही दिसतील. म्हणून शीर्षकात फक्त विषय लिहितो, दर नाही, आणि कोणी काम सोडून गेलं की लिंक बदलतो.

तुम्ही अशी फीड काढणार असाल तर एवढं करा: चोवीस तासांच्या आतला बदल कॅलेंडरवर सोडू नका, फोन करा.