एका चिन्हाने भिंग बदललं

पालीत आमच्या गल्लीच्या टोकाला, बोंबलाच्या वलांडी सुरू होतात तिथे, एक दहावीतली मुलगी राहते. वडिलांची बोट आहे, आई बाजार सांभाळते. विज्ञानात अडलं की ती प्रश्नाचा फोटो काढून मला पाठवते. पूर्वपरीक्षेच्या चार दिवस आधी तिचा असाच एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, "चाचा, उत्तर चुकतंय. भिंगाची चिन्हं माझ्या लक्षातच राहत नाहीत. हा प्रश्न सोडून देऊ का?"

फोटो तिरका होता, पिवळ्या दिव्याखाली काढलेला. चौकटीच्या कागदावर मधोमध बहिर्वक्र भिंग, आडवा मुख्य अक्ष, भिंगाच्या मध्यावर O आणि दोन्ही बाजूंना F. वस्तूचा बाण मात्र भिंगाच्या उजवीकडे होता आणि किरण उजवीकडून डावीकडे जात होते. पाठ्यपुस्तकात वस्तू कायम डावीकडे असते. शिवाय फोटोची डावी कड कापली गेली होती. भिंगातून बाहेर पडलेले दोन किरण एकमेकांकडे झुकत होते, पण भेटायच्या आधीच चित्र संपत होतं. प्रतिमा फोटोत नव्हतीच. प्रश्न होता: प्रतिमेचे अंतर आणि विशालन काढा.

तिने वहीत केलेलं गणितही सोबत होतं. त्यात u = +15, f = +10, उत्तर v = +6 आणि विशालन +0.4. आकडेमोड अगदी बरोबर होती. म्हणून मी तिला सांगितलं, "प्रश्न सोडू नकोस. घरी ये."

पहिलं काम फोटो वाचण्याचं. तिने मोबाइलच्या पडद्यावर पट्टी ठेवून अंतरं मोजून पाहिली होती. भिंगापासून वस्तू ३२ मिलिमीटर, उजवा F २१ मिलिमीटर आणि डावा F १९ मिलिमीटर. फोटोत काहीतरी बिघडलं आहे हे या आकड्यांतच दिसतं. पातळ भिंगाच्या दोन्ही बाजूंना हवाच असेल तर दोन्ही नाभी मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात. चित्रात त्या तशाच काढलेल्या असणार. मग पडद्यावर एक २१ आणि दुसरी १९ कशी? कारण मोबाइल तिरका धरला होता. उजवी बाजू कॅमेऱ्याजवळ आली म्हणून मोठी दिसली आणि डावी लांब गेली म्हणून आखडली. किरणाकृतीचा फोटो सरळ आहे की तिरका, हे ओळखायची ही सोपी खूण आहे: दोन्ही F पासून O पर्यंतची अंतरं ताडून पाहायची.

अशा फोटोवर पट्टी चालत नाही, पण चौकोन चालतात. कागद तिरका दिसला तर चौकोनही चित्राबरोबर तिरके होतात, त्यांची संख्या मात्र बदलत नाही. मोजले तर वस्तू भिंगापासून तीन चौकोनांवर होती आणि दोन्ही F दोन-दोन चौकोनांवर. प्रश्नात लिहिलं होतं की आडवा एक चौकोन म्हणजे ५ सेंटिमीटर आणि उभा एक चौकोन म्हणजे १ सेंटिमीटर. म्हणजे वस्तू १५ सेंटिमीटरवर, नाभीय अंतर १० सेंटिमीटर आणि वस्तूची उंची दोन चौकोन, म्हणजे २ सेंटिमीटर.

पट्टीने काय झालं असतं? ३२ आणि १९ हे आकडे धरून १० सेंटिमीटरचं प्रमाण लावलं, तर वस्तूचं अंतर जवळजवळ १७ सेंटिमीटर येतं आणि प्रतिमा सुमारे २५ सेंटिमीटरवर पडते. खरं उत्तर ३० आहे. वस्तू नाभीच्या जवळ असली की तिच्या अंतरातली छोटी चूक प्रतिमेत मोठी होऊन येते, म्हणून इथे अंदाजे मोजून भागत नाही.

आता चिन्हं. कार्टेशियन चिन्ह संकेत मुलं असा पाठ करतात: डावीकडे ऋण, उजवीकडे धन. पण या वाक्याच्या आधी एक अट असते आणि पाठ करताना ती गळून जाते. प्रकाश डावीकडून उजवीकडे जात असेल, तरच डावी बाजू ऋण. मूळ नियम असा की अंतरं मध्यापासून मोजायची. प्रकाश ज्या दिशेने जातो त्या दिशेला मोजलेलं अंतर धन आणि उलट दिशेला मोजलेलं अंतर ऋण. कागदाच्या डाव्या-उजव्याशी भिंगाला देणंघेणं नाही.

तिच्या फोटोत प्रकाश डावीकडे जात होता. तिने वस्तूला चिन्ह दिलं ते कागद पाहून: उजवीकडे आहे, म्हणून +15. नाभीय अंतराला चिन्ह दिलं ते पुस्तक आठवून: बहिर्वक्र आहे, म्हणून +10. 'बहिर्वक्र धन' ही ओळ मात्र प्रकाशाची दिशा धरून बनलेली आहे. असे दोन वेगवेगळे संकेत एकाच सूत्रात शिरले.

मी तिला म्हटलं, "हीच वस्तू, हेच अंतर, फक्त भिंग अंतर्वक्र धर आणि पुस्तकासारखी डावीकडे वस्तू ठेवून सोडव." तिने मांडलं:

```
u = -15, f = -10
1/v = 1/f + 1/u = -1/10 - 1/15 = -1/6
v = -6
M = v/u = (-6)/(-15) = +0.4
```

ती बघतच राहिली. तोच ६, तेच 0.4. तिने गणित चुकवलं नव्हतं. दुसऱ्याच भिंगाचं गणित बरोबर सोडवलं होतं. तिच्या +6 चा अर्थ होता 'उजवीकडे ६', म्हणजे वस्तूच्याच बाजूला, सुलट आणि लहान प्रतिमा. हे अंतर्वक्र भिंगाचं वागणं आहे. समोर ठेवलेल्या वस्तूची सुलट आणि लहान प्रतिमा एकटं बहिर्वक्र भिंग कधीच देत नाही. ते सुलट प्रतिमा देतं तेव्हा ती मोठी असते. म्हणून बहिर्वक्र भिंगाच्या गणितात विशालन धन आणि एकपेक्षा कमी आलं, की आकडेमोड तपासत बसू नये. थेट चिन्हांकडे जावं.

मग मूळ प्रश्न नीट मांडला. सोपा मार्ग म्हणजे चित्र पुस्तकासारखं करून घेणं. त्यासाठी फोटो गोल फिरवायचा नाही, कारण तसं केलं की वस्तूही उलटी होते. फोटो आडवा पलटायचा, म्हणजे डाव्याचं उजवं होतं आणि वरचं वरच राहतं. कागद असेल तर मागून दिव्यासमोर धरला तरी तेच होतं. आता वस्तू डावीकडे आली आणि प्रकाश उजवीकडे जाऊ लागला:

```
u = -15, f = +10, h1 = +2
1/v - 1/u = 1/f
1/v = 1/10 - 1/15 = 1/30
v = +30
M = v/u = 30/(-15) = -2
h2 = M × h1 = -4
```

प्रतिमा भिंगाच्या पलीकडे ३० सेंटिमीटरवर, वास्तव, उलटी आणि दुप्पट.

चित्र न पलटताही हे जमतं, फक्त सगळ्यांना एकच नियम लावायचा. कागदाची उजवी बाजूच धन मानायची असेल तर u = +15. मग समांतर किरण डावीकडच्या F मध्ये जमतात, म्हणून f = -10 घ्यावं लागतं. उत्तर v = -30 येतं, म्हणजे डावीकडे ३०. विशालन पुन्हा -2 च. दोन्ही अंतरांची चिन्हं एकदम उलटली की त्यांचा भागाकार तसाच राहतो. प्रतिमा उलटी पडते ही गोष्ट आपण डावं-उजवं कसं ठरवतो यावर अवलंबून नाही.

मुलं आणखी दोन ठिकाणी अडखळतात. नववीत आरशाचं सूत्र शिकवलेलं असतं. त्यात 1/v आणि 1/u यांची बेरीज असते आणि विशालनाच्या सूत्रातच एक ऋण चिन्ह असतं. भिंगात वजाबाकी आहे आणि विशालन सरळ v/u. दुसरं म्हणजे जे काढायचं आहे त्याला आधीच चिन्ह देणं. प्रतिमा आभासी येणार हे माहीत असतं, म्हणून मुलं v च्या जागी -v लिहितात. मग उत्तर धन येतं आणि प्रतिमा भिंगाच्या भलत्या बाजूला जाते. चिन्ह फक्त दिलेल्या आकड्यांना द्यायचं, तेही एकदाच. v चं चिन्ह सूत्र स्वतः सांगतं.

उत्तर बरोबर आहे हे त्या कापलेल्या फोटोवरूनच पटवता येत होतं. एक किरण वस्तूच्या टोकातून अक्षाला समांतर येऊन F मधून जातो, दुसरा O मधून सरळ. भिंगापाशी त्या दोघांत दोन चौकोनांचं उभं अंतर होतं. फोटोच्या कापलेल्या कडेला, म्हणजे चार चौकोन पुढे, ते अंतर सुमारे दोन तृतीयांश चौकोन उरलं होतं. म्हणजे दर चौकोनामागे एक तृतीयांश कमी होत होतं. उरलेलं अंतर संपायला आणखी दोन चौकोन लागणार. चार आणि दोन मिळून सहा चौकोन, म्हणजे ३० सेंटिमीटर. तिथे O मधून जाणारा किरण अक्षाच्या चार चौकोन खाली असतो. प्रतिमेची उंची -4 आली ती हीच.

"पण चाचा, खरंच उलटं दिसतं?" तिने विचारलं. माझ्याकडे १० सेंटिमीटर नाभीय अंतराचं एक भिंग आहे. तिच्या मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर तिने २ सेंटिमीटरचा काळा बाण काढला, पडदा पूर्ण उजळला आणि आम्ही दिवा मालवला. मोबाइलपासून १५ सेंटिमीटरवर भिंग धरलं आणि त्याच्यापलीकडे कोरा कागद पुढे-मागे सरकवत गेलो. कागद भिंगापासून साधारण ३० सेंटिमीटरवर गेला तेव्हा बाण स्पष्ट झाला: खाली टोक असलेला, पट्टीने जवळजवळ ४ सेंटिमीटर. मग तिने मोबाइल उचलून भिंगाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला आणि कागद पहिल्या बाजूला आणला. बाण पुन्हा उलटाच पडला, तेवढाच मोठा.

नंतर तिने वहीच्या त्या पानावर सर्वांत वर प्रकाशाच्या दिशेचा एक बाण काढला आणि u, f ची चिन्हं त्याच्याखाली लिहिली. आता किरणाकृतीचा फोटो पाठवते तेव्हाही तो बाण आधीच काढलेला असतो.