वर्षअखेरीस बंद होणारी खाती

खतावणीतील सगळी खाती दिसायला सारखीच असतात. प्रत्येकाला नावे आणि जमा अशा दोन बाजू असतात, प्रत्येकावर रोजकीर्दीतून तारीखवार रकमा उतरतात आणि हव्या त्या दिवशी प्रत्येकाची शिल्लक काढता येते. तरीही रोख, बँक, येणेकरी, देणेकरी, भांडवल ही खाती एका जातीची आणि विक्री, खरेदी, भाडे, पगार ही दुसऱ्या जातीची असतात, आणि वर्षभर झाकलेला हा भेद ३१ मार्चला उघडा पडतो. बँक खात्यावरील दीड लाख रुपये त्या रात्री खरोखरच बँकेत असतात आणि १ एप्रिलच्या सकाळीही तिथेच असतात, म्हणून ती शिल्लक नव्या वर्षात जशीच्या तशी ओढली जाते. अशा खात्यांना कायम खाती म्हणतात. भाडे खात्यावरील एक लाख ऐंशी हजार मात्र कुठेच पडून नसतात. त्या आकड्यातून एवढेच कळते की या बारा महिन्यांत जागेपायी इतकी रक्कम खर्ची पडली, आणि बारा महिने संपताच त्याचे काम संपते. अशी खाती ती तात्पुरती खाती होत.

तात्पुरत्या खात्यांचे खरे मूळ भांडवल खात्यात आहे. विक्री झाली की मालकाचा हक्क वाढतो आणि खर्च झाला की तो घटतो, तेव्हा तत्त्वतः प्रत्येक विक्री थेट भांडवलाच्या जमा बाजूला आणि प्रत्येक खर्च नावे बाजूला लिहिता आला असता. तसे केले असते तर वर्षअखेर भांडवलाचा आकडा बरोबर आला असता, पण तो कशामुळे वाढला आणि कशामुळे घटला हे शेकडो ओळींत हरवून गेले असते. म्हणून भांडवल खात्याचे काही पोटभाग वर्षापुरते वेगळे काढले जातात, त्यांना विक्री, भाडे, पगार अशी नावे दिली जातात आणि वर्ष सरले की त्यांचा निष्कर्ष मूळ खात्यात परत नेला जातो. लुका पाचोली याच्या १४९४ मध्ये वेनिसला छापल्या गेलेल्या ग्रंथात हीच वाट सांगितलेली आहे : खर्चाची आणि मिळकतीची खाती नफा-तोट्यात, आणि नफा-तोटा भांडवलात. या परत नेण्याला ‘खाते शून्य करणे’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो शब्दप्रयोग थोडा फसवा आहे, कारण इथे काहीही पुसले जात नाही. रक्कम एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते आणि जाताना दोन्हीकडे आपली नोंद ठेवते.

वह्या-पेन्सिली विकणाऱ्या एका मालकाच्या दुकानाचे वर्ष उदाहरणादाखल घेता येईल. वर्षाची विक्री २४ लाख. आरंभीचा माल ३ लाख, खरेदी १७ लाख ६० हजार आणि माल आणण्याची हमाली-गाडीभाडे ४० हजार. आधी विक्री खाते नावे करून व्यापार खाते जमा केले जाते, त्यामुळे विक्री खात्याच्या दोन्ही बाजू समान होऊन त्याखाली दुहेरी रेघ ओढता येते. मग व्यापार खाते नावे करून आरंभीचा माल, खरेदी आणि हमाली ही तिन्ही खाती जमा केली जातात. यानंतर येणारी एक नोंद उलट्या दिशेची आहे, आणि नवशिका हिशेबनीस बहुधा तिथेच अडखळतो. मोजदादीत सापडलेला साडेतीन लाखांचा शिल्लक माल नावे लिहून व्यापार खाते जमा केले जाते, म्हणजे बाकीची खाती मिटत असताना एक कायम खाते उघडते, आणि तीच रक्कम दुसऱ्या दिवशी आरंभीचा माल ठरते. व्यापार खात्यावर उरलेला साडेसहा लाखांचा ढोबळ नफा नफा-तोटा खात्यात जातो, तिथे भाडे १ लाख ८० हजार, पगार २ लाख १० हजार आणि वीज-टेलिफोन ३० हजार ही खाती रिकामी केली जातात आणि २ लाख ३० हजारांचा निव्वळ नफा उरतो, जो नफा-तोटा खाते नावे करून भांडवलाला जमा होतो.

उचल खातेही याच दिवशी बंद होते, मात्र वेगळ्या वाटेने. मालकाने घरखर्चासाठी नेलेले दीड लाख हा धंद्याचा खर्च नव्हे, तो मालकाने आपल्याच हक्कातून काढून घेतलेला भाग आहे, म्हणून उचल खाते नफा-तोट्याला वळसा घालून थेट भांडवलाच्या नावे जाते. ते चुकून नफा-तोट्यात घातले तरी अखेरचे भांडवल तेच येते, आरंभीच्या ५ लाखांचे ५ लाख ८० हजार. पण नफा २ लाख ३० हजारांऐवजी ८० हजार दिसतो. ताळेबंद जुळल्यामुळे ही चूक लपून राहते, म्हणूनच ती अधिक घातक मानली पाहिजे.

तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिल्लकांची नावे-जमा यादी, जुळण्यावरही याच कारणाने फार विसंबता येत नाही. समजा भाडे खाते बंद करायचे राहून गेले. नफा १ लाख ८० हजारांनी फुगतो, भांडवलही तितकेच फुगते, आणि समोर नावे बाजूला भाड्याचे तेवढेच रुपये उभे असल्याने दोन्ही बेरजा ९ लाख ५ हजारांवर बिनतक्रार जुळतात. म्हणून बंद करण्याच्या नोंदी झाल्यावर काढलेल्या तेरजेत आकड्यांच्या आधी नावे वाचावी लागतात. या दुकानाच्या बाबतीत तिथे माल, येणेकरी, रोख व बँक एका बाजूला आणि भांडवल, देणेकरी व देय भाडे दुसऱ्या बाजूला, ७ लाख २५ हजारांवर, एवढेच दिसायला हवे.

त्यातील देय भाडे हे खाते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. दुकानाचे भाडे महिना पंधरा हजार. मार्चचे भाडे द्यायचे राहिले होते, म्हणून खाती बंद करण्यापूर्वी समायोजन नोंद करून भाडे नावे आणि देय भाडे जमा केले गेले. नावात भाडे असले तरी देय भाडे हे घरमालकाचे देणे आहे, त्यामुळे ते कायम खाते असून पुढच्या वर्षात जाते. एप्रिलमध्ये ते पंधरा हजार चुकते करताना देय भाडे नावे करावे लागते; सवयीने भाडे नावे केले तर नव्या वर्षात तेरा महिन्यांचे भाडे जमते आणि फिटलेले देणे वर्षभर कागदावर तसेच उभे राहते. वर्षाच्या मध्याला देय भाड्यावर तोच पंधरा हजारांचा आकडा न हलता दिसणे ही या चुकीची खूण होय.

टॅलीसारख्या प्रणालीत ही कारागिरी हिशेबनिसाच्या हातून बरीचशी सुटली आहे, कारण अहवालाची मुदत १ एप्रिलपासून धरली की मिळकतीची आणि खर्चाची खाती आपोआप शून्यापासून सुरू होतात आणि त्यासाठी एकही नोंद करावी लागत नाही. मात्र मागील वर्षाचा नफा तिथे `Profit & Loss A/c` या खात्यावर साचून राहतो, आणि तो भांडवलात नेण्याची व उचल भांडवलाच्या नावे टाकण्याची नोंद माणसालाच ३१ मार्चच्या तारखेने करावी लागते. ती न केल्यास वर्षानुवर्षांचे नफे एका खात्यावर आणि उचल दुसऱ्यावर साचत जाते आणि भांडवल खाते मात्र पहिल्या दिवशी होते तिथेच अडून बसते. एकल मालकीच्या दुकानाचे संगणकीय हिशेब तपासायला घेणाऱ्याने म्हणून सर्वांत आधी भांडवल खाते उघडावे, आणि त्यावर प्रत्येक ३१ मार्चला नफ्याची किंवा तोट्याची एक आणि उचलीची एक अशी नोंद दिसली नाही, तर पुढचे काहीही वाचण्यापूर्वी त्या नोंदी आधी करून घ्याव्यात.