सर्व्हिस माझी, गुण समोरच्याचा

सोसायटीच्या हॉलमध्ये शिकलेली टेबल टेनिसची सर्व्हिस सोसायटीतच खपते, कारण तिथे पंच नसतो. मी चेंडू बोटांच्या चिमटीत धरायचो आणि जवळजवळ हातातूनच मारायचो. सर्व्हिस वेगात जायची, समोरचा चुकायचा, मी खूश.

पहिल्याच खुल्या स्पर्धेत पंचांनी ‘लेट’ देऊन खेळ थांबवला आणि बजावलं, "टॉस पुरेसा उंच वाटत नाही." मला ते कुरापत काढल्यासारखं वाटलं. पुढच्या वेळी मी टॉस उंच केला, पण चेंडूसोबत हातही वर नेला. या वेळी ताकीद नाही, थेट समोरच्याला गुण.

नियम मी नंतर वाचला, हा खरा गाढवपणा. चेंडू उघड्या, स्थिर तळहातावर मोकळा ठेवायचा. फिरकी न देता जवळजवळ सरळ वर उडवायचा. तळहातावरून सुटल्यानंतर तो किमान 16 सेंटिमीटर वर गेला पाहिजे आणि खाली येतानाच मारायचा. म्हणजे हात कितीही उंच नेला तरी मोजणी चेंडू हातातून सुटल्यावरच सुरू होते. जाळीची उंची 15.25 सेंटिमीटर असते. तळहाताच्या वर एक जाळी उभी आहे असं समजा आणि चेंडू तिच्याही थोडा वर जाऊ द्या.

ताकीद मिळते ती पंचाला शंका असेल तेव्हाच, आणि तीही सामन्यात एकदा. चूक उघड दिसली तर पहिल्याच सर्व्हिसला गुण जातो. शिवाय ताकीद एका दोषापुरती नसते. त्याच सामन्यात टॉस सुधारल्यावर माझा डावा हात चेंडूपुढेच रेंगाळला. नियमाप्रमाणे चेंडू उडवताच हा हात चेंडू आणि जाळी यांच्या मधून बाजूला गेला पाहिजे. चेंडू प्रतिस्पर्ध्याला सतत दिसायला हवा. दोष नवा होता, पण ताकीद आधीच संपलेली. आणखी एक गुण गेला.

मग घाबरून इतका उंच टॉस केला की चेंडू मागे गेला. न मारता झेलला आणि म्हटलं, पुन्हा करतो. तेही चालत नाही. सर्व्हिससाठी चेंडू तळहातावरून उडवला की खेळ सुरू झाला. हुकला किंवा झेलला तरी गुण समोरच्याचा. सामना अर्थातच हरलो.

आता सराव करताना मोबाइल टेबलाच्या बाजूला, तळहाताच्या उंचीवर ठेवून चित्रण करतो. स्वतःला टॉस नेहमी खरा आहे त्यापेक्षा उंच वाटतो. चित्रणात तो बुटका निघतो. चेंडू टेबलाच्या पातळीखाली गेला किंवा शेवटच्या रेषेच्या पुढे आला तर तेही त्यात दिसतं. नवशिक्यांनी फिरकीच्या मागे लागण्याआधी एवढं चित्रण एकदा करून पाहावं.