गार पडलेला ढीग

बकरी ईद उलटली की आमच्या परसात दोन गोष्टी उरतात. बोकडांच्या लेंड्या, आणि त्यांनी चघळून टाकलेला कडबा. सोलापुरात ज्वारीच्या कडब्याला तोटा नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे टाकला जातो जास्तच आणि उरतोही तेवढाच.

तीन वर्षांपूर्वी मी त्याचं खत करायला घेतलं. लेंड्या, कडबा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कोपऱ्यात रचला. चार दिवसांत ढीग असा तापला की वरून वाफ दिसायला लागली. पंधराव्या दिवशी हात घातला तर गार. मला वाटलं, झालं खत. लगेच अम्मीच्या मोगऱ्याच्या कुंडीत दोन ओंजळी घातल्या.

पुढच्या दोन आठवड्यांत मोगऱ्याची पानं पिवळी पडली. कुंडीत टोमॅटोची रोपं मात्र दाटीवाटीने उगवली. महिन्याभरात मोगरा गेला. तो अम्मीने माहेरून आणलेल्या फांदीचा होता. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तेरा खत तेरेकनेच रख." त्यानंतर तिच्या कुंड्यांना पाणीसुद्धा तीच घालायची.

माझं काय चुकलं ते समजून घ्यायला मला ढिगाच्या आत काय चालतं ते वाचावं लागलं. थोडक्यात सांगते.

ढीग रचला की पहिले कामाला लागतात ते साध्या उबेत जगणारे जीवाणू आणि बुरशा. साधारण 20 ते 40 अंशांत त्यांचं बरं चालतं. भाजीपाल्यातली साखर, पिष्ट, प्रथिनं असा सोपा घास ते आधी संपवतात. खाताना ते श्वास घेतात आणि त्यातून उष्णता निघते. छोट्या ढिगातून ती उडून जाते. ढीग तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तेवढाच उंच असला, तर कडबाच गोधडीसारखा ती धरून ठेवतो. म्हणजे हे जीव स्वतःच्याच उबेने स्वतःचं घर तापवतात. पारा 45 च्या पुढे गेला की ते तिथे राहू शकत नाहीत. बरेचसे मरतात, काही जाड कवचाचं बीजाणूरूप घेऊन पडून राहतात.

मग उष्णताप्रेमी जीवाणूंची पाळी येते. ते आधीपासून लेंड्यांत, मातीत, कडब्यावर असतातच, फक्त उष्णतेची वाट बघत असतात. त्यांच्यात बॅसिलस कुळातले जीवाणू पुष्कळ. त्यांच्या जोडीला अ‍ॅक्टिनोमायसीट. तेही जीवाणूच, पण बुरशीसारखे धागे काढणारे. ढीग उकरल्यावर राख भुरभुरल्यासारखा पांढरा-करडा थर दिसतो तो बहुधा त्यांचाच. 55 अंशांवर तीन दिवस राहिलेल्या भागातले बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. पण 70 च्या आसपास हे जीवही थकतात. काही मोजकेच टिकतात आणि कुजणं मंदावतं.

माझ्या मोगऱ्याचं उत्तर इथेच होतं. उष्णता ढिगाच्या पोटात होती. कडेचा माल कधी तापलाच नाही, म्हणून टोमॅटोचं बी जिवंत राहिलं. आणि पोटातला माल गार झाला तो काम संपल्यामुळे नव्हे. हवा संपली होती आणि पाणी आटलं होतं. कडबा जवळजवळ तसाच शिल्लक होता. कुंडीत पाणी मिळताच जीवाणूंनी तो पुन्हा खायला घेतला, आणि त्यासाठी लागणारा नत्र मोगऱ्याच्या मुळांजवळून ओढला. गावाकडे कच्चं शेणखत शेतात टाकू देत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.

यावर नीट काम झालं होतं ते इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचं शेतकचऱ्याच्या खतावरचं पुस्तक 1931 साली निघालं. त्यांच्या पद्धतीत सुरुवातीला सुमारे 65 अंशांवर गेलेला ढीग हळूहळू उतरत 90 दिवसांनी 33 अंशांवर येतो, आणि मधल्या काळात तो तीन वेळा उलटायचा असतो. मी पंधराव्या दिवशीच थांबले होते.

गेल्या वर्षी पुन्हा रचला. दोन टोपल्या तोडलेला कडबा, एक टोपली भिजवून फोडलेल्या लेंड्या, एक टोपली भाजीचा कचरा, असे थरावर थर. लेंडी अख्खी टाकली तर वरून वाळते आणि आत तशीच राहते. मूठभर माल पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, एवढीच ओल ठेवली. वर गोणपाट टाकलं. लांब दांडीचा तापमापक आणला आणि रोज पहाटे बघायला लागले. पहाटे अशासाठी, की दुपारी ढीग उन्हाने तापलाय की आतून, ते कळत नाही.

पहिल्या पहाटे 31, तिसऱ्या पहाटे 54, पाचव्या पहाटे 66. अब्बांनी काठी खुपसून बाहेर काढली आणि हातात धरवेना म्हणून हसले. नवव्या दिवशी पारा 49 वर उतरला. तीन वर्षांपूर्वी मी इथेच फसले होते. या वेळी ढीग उलटला. बाहेर पावसाने गोणपाट ओलं आणि आतला माल कोरडा खडखडीत. कडेचा माल पोटात, पोटातला कडेला असं करत दोन बादल्या पाणी मारलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी साठवून ठेवलं होतं. दुसऱ्या पहाटे पारा 61.

विसाव्या दिवशी दुसऱ्यांदा उलटला, 56 पर्यंत चढला. पस्तिसाव्या दिवशी तिसऱ्यांदा, तेव्हा 43. पन्नासाव्या दिवशी उलटून ओल दिली तरी पारा 30 च्या पुढे गेला नाही. हवा आहे, पाणी आहे, तरी ढीग तापत नाही, म्हणजे सोपा घास खरोखर संपला. हे गार होणं वेगळं.

आता पहिले जीव परततात. काही थंड कडांवर टिकून राहिलेले असतात, काही बीजाणूतून उठतात. पण त्यांच्या वाट्याला आता कडब्याचा चिवट भाग असतो. त्यात बुरशांचा मोठा वाटा. भर उष्णतेत त्या गप्प बसलेल्या असतात. हे काम सावकाश चालतं. मी आणखी दीड महिना ढिगाला नुसती ओल देत राहिले. अमोनियाचा वास गेला, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला, आणि खालून गांडुळं चढली.

तरीही अम्मीच्या कुंडीला हात लावला नाही. दोन वाट्या घेतल्या. एकीत नुसती माती, दुसरीत माती आणि खत निम्मं-निम्मं. दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे पेरले. आठ दिवसांनी मातीत सतरा उगवले होते, खताच्या वाटीत अठरा, पानं हिरवी. टोमॅटोचं एकही रोप नव्हतं.

वाट्या ओट्यावर ठेवल्या होत्या. अम्मीने खताची वाटी उचलून वास घेतला, मेथी बोटाने हलवून बघितली. मग कढीपत्त्याची कुंडी माझ्याकडे सरकवली. "इसमें डाल. मोगरे में अभी नहीं."