अप्रेझलमधले 21 तास

भिलाईच्या पोलाद कारखान्यात कुठल्याही यंत्राचे मोल विशेषणांनी ठरत नाही. ब्लास्ट फर्नेस कशी चालली, याचे उत्तर एक टन हॉट मेटलमागे किती किलो कोक जळला यात असते. रुळासाठीचे पोलाद चांगले आहे की नाही, हे त्यात हायड्रोजन किती उरला यावरून कळते. पण मार्च संपला की याच कारखान्यातले अनेक अभियंते अप्रेझलच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या वर्षाबद्दल लिहितात: ‘अथक परिश्रम घेऊन ब्रेकडाऊन कमी केले, टीमला सतत प्रेरणा दिली, उत्पादनवाढीत मोलाचा वाटा उचलला.’ यातले एकही वाक्य खोटे नसेल. तरीही ते कोक ओव्हनमधल्या माणसाने लिहिले की रोलिंग मिलमधल्या, हे त्यावरून सांगता येत नाही. मेहनत मोठी असते, पण तिच्याबद्दलचे वाक्य कुणाचेही असू शकते.

हा फॉर्म कोण वाचतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. पहिला वाचणारा रोज काम पाहणारा वरिष्ठ असतो, आणि आपण त्याच्यासाठीच लिहितो. पुढचे वाचणारे मात्र आपल्या शॉपमध्ये क्वचितच येतात. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत 2008च्या वेतनसुधारणेबरोबर कामगिरीशी जोडलेले वेतन आले आणि सर्वोच्च श्रेणी मोजक्याच टक्के अधिकाऱ्यांना देण्याचे बंधनही आले. म्हणजे शेवटची तुलना वेगवेगळ्या विभागांतल्या, एकमेकांना न पाहिलेल्या माणसांमध्ये होते आणि ती कागदावर होते. त्याच वर्षी देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, ती चांगली असली तरी, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. पण दाद मागताना दाखवायचे काय? स्वतःच्याच फॉर्ममध्ये तपासता येईल असे काही नसेल, तर हा अधिकार हाती असूनही उपयोगाचा राहत नाही.

आकडे घालायचे ठरवले तरी पहिला सुचणारा आकडा बहुधा चुकीचा असतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. रोलिंग मिलच्या मेकॅनिकल मेंटेनन्समधला एक अभियंता लिहितो, ‘यांत्रिक बिघाडांमुळे मिल गेल्या वर्षी 186 तास थांबली, यंदा 124. एक तृतीयांश घट.’ डिलेच्या नोंदवहीत दोन्ही आकडे सापडतात. पण यंदा मिल कॅपिटल रिपेअरसाठी बराच काळ बंद होती. गेल्या वर्षी ती 6200 तास चालण्याच्या स्थितीत होती, यंदा फक्त 5100 तास. न चालणाऱ्या मिलमध्ये बिघाडही होत नाही. तासांमागे हिशोब केला तर गेल्या वर्षी 3 टक्के वेळ गेला, यंदा साधारण 2.4 टक्के. घट एक पंचमांशाच्या आसपास येते. जुन्याच दराने यंदा 153 तास गेले असते आणि गेले 124, म्हणून खरी बचत 62 तासांची नसून 29 तासांची आहे.

आता या 29 तासांत त्या अभियंत्याचे किती? डिलेची कारणवार फोड केली की दिसते, रोलर टेबलची बेअरिंगे जाम झाल्यामुळे गेल्या वर्षी 48 तास गेले होते आणि यंदा 18. चालू तासांच्या प्रमाणात पाहिले तर ही बचत सुमारे 21 तासांची होते. बेअरिंगे का जात होती, हे त्याने शोधले होते: झिजलेल्या सीलमधून थंड करण्याचे पाणी आत शिरून ग्रीस धुऊन नेत होते. त्याने सीलची रचना बदलून घेतली आणि ग्रीसिंगचा क्रम आठवड्याच्या शटडाऊनला बांधला. हे 21 तास त्याने ठामपणे स्वतःच्या नावावर लिहावेत. उरलेले 8 तास कॅपिटल रिपेअरमध्ये बसवलेल्या नव्या भागांमुळे वाचले असतील, तर ते सोडून द्यावेत. मग वाक्य असे होते: ‘रोलर टेबलच्या बेअरिंगांमुळे होणारा डिले, चालू तासांच्या प्रमाणात, निम्म्याहून खाली आला, सुमारे 21 तास वाचले, कारण सीलमधून शिरणारे पाणी, उपाय जुलैपासून लागू.’ 62पेक्षा 21 लहान दिसतात. पण तपासणाऱ्याने रजिस्टर उघडले तर हे वाक्य टिकते, आणि एक वाक्य टिकले की त्याच पानावरच्या बाकीच्या वाक्यांवरही विश्वास बसतो.

अनेकजण इथे आणखी एक पायरी चढतात आणि वाचलेल्या तासांना ताशी उत्पादनाने गुणून हजारो टन लिहितात. हे नेहमी खरे नसते. त्या तासांत रोल करायला ब्लूमच उपलब्ध नव्हते, तर मिल चालू असूनही टन वाढले नसते. आपला विभाग त्या वर्षी साखळीतला सर्वांत अरुंद दुवा असेल तरच तासांचे टन करावेत. नाहीतर तासांवरच थांबावे.

या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की आकडा मागितला की माणसे काम सोडून आकडाच सुधारतात. तो खरा आहे. एखादा डिले मेकॅनिकलचा, इलेक्ट्रिकलचा की ऑपरेशनचा, यावर शिफ्टमध्ये रोज वाद होतो आणि दोन तास दुसऱ्याच्या खात्यात ढकलले की आपला आलेख सुधारतो. ब्रेकडाऊनला ‘नियोजित शटडाऊन’ म्हटले तरी तेच होते. पण म्हणून आकडाच टाळला तर ही ढकलाढकल झाकली जाते, थांबत नाही. त्याऐवजी शेजारचा आकडाही लिहावा: मेकॅनिकल डिले घटला, त्याच काळात इलेक्ट्रिकल डिले आणि नियोजित शटडाऊनचे तास किती होते? तेही वाढले नसतील, तर शंकेला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेच्या कामाचा. ज्याच्या कामाचे यश काही न घडण्यात आहे, त्याने काय मोजावे? ‘वर्षभरात शून्य अपघात’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. भिलाईत जून 2014मध्ये वायुगळती झाली आणि ऑक्टोबर 2018मध्ये कोक ओव्हनच्या गॅसलाइनवर काम चालू असताना आग लागली. दोन्ही वेळा माणसे गेली. मोठे अपघात विरळ असतात, त्यामुळे एका वर्षाचे शून्य हे चांगल्या कामाचे असू शकते, तसेच नशिबाचेही. गॅस सेफ्टीच्या माणसाने त्याआधीच्या गोष्टी मोजाव्यात: किती गॅसलाइनवर काम सुरू होण्यापूर्वी ब्लँकिंग तपासले, किती वर्क परमिट त्रुटीमुळे परत केले, नोंदलेल्या नियर-मिसवर कारवाई व्हायला सरासरी किती दिवस लागले. त्याने थांबवलेले काम हाच त्याच्या कामाचा माग असतो. नियर-मिसची संख्या वाढली, तर ती लपवू नये. लोक निर्धास्तपणे कळवू लागले असतील तर ती वाढतेच, आणि तसे कारणासह लिहावे.

तिसरी अडचण मराठी घरांत वाढलेल्यांना जास्त जाणवते: स्वतःच्या तोंडाने स्वतःचे कसे सांगायचे, आणि काम तर सगळ्या टीमचे. खरे तर ‘मी उत्कृष्ट आहे’ म्हणणे ही बढाई आहे. ‘सील बदलण्याचा निर्णय माझा, बसवणी फिटरांच्या दोन गटांची, नमुना डिझाइन विभागाचा’ असे लिहिणे ही नोंद आहे. त्यात दुसऱ्यांचा वाटा दिसतो, आपलाही दिसतो, आणि कुणाचे काही कमी होत नाही.

हे सगळे एप्रिलमध्ये बसून लिहिता येत नाही, कारण तेव्हा फेब्रुवारी-मार्चच आठवतात आणि जुलैत बदललेले सील विसरलेले असते. दर महिन्याच्या डिले रिपोर्टमधून तीन गोष्टी आपल्या वहीत उतरवून ठेवा: आधी किती होते, आता किती आहे, आणि मध्ये आपण नेमके काय केले. पहिला आकडा सुधारणा सुरू करण्यापूर्वीच लिहा; तो मागाहून शोधावा लागला तर बहुतेक वेळा मिळत नाही.